आठवड्याचे तास आणि व्हिडिओच्या तारखा

टॉम स्कॉट या ब्रिटिश यूट्यूबरने १ जानेवारी २०१४ पासून दर आठवड्याला एक व्हिडिओ प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि बरोबर दहा वर्षांनी, १ जानेवारी २०२४ रोजी, तो क्रम स्वतःहून थांबवला. चॅनल सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण कुणीतरी ऐकवतंच. सातत्य ठेवा, आठवड्याला एक तरी व्हिडिओ टाका, असा सल्ला त्यातून निघतो. पण स्कॉटचं पूर्णवेळ काम तेच होतं, आणि पुढे त्याच्या व्हिडिओंना इतरांचे हातही लागत गेले. घरी एकट्याने, नोकरी सांभाळून चॅनल चालवणाऱ्या माणसाने तोच क्रम उचलला, की साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात एखादी तारीख चुकते, मग दोन चुकतात आणि महिनाभराने चॅनल शांत होतं.

यूट्यूबच्या स्वतःच्या अटी मात्र एवढ्या कडक नाहीत. पार्टनर प्रोग्रॅमच्या पहिल्या पायरीवर पाचशे सबस्क्रायबर आणि ठरलेले पाहण्याचे तास लागतात. सोबत आणखी एक अट आहे, ती म्हणजे मागच्या ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ. तीन महिन्यांत तीन! आठवड्याला एक व्हिडिओ हा नियम कंपनीने घातलेला नाही. तो एकमेकांकडे बघून पसरलेला आहे.

मग एकट्या माणसाला खरोखर किती जमतं? याचं उत्तर विषयांच्या यादीतून मिळत नाही. ते तासांच्या हिशेबातून मिळतं, आणि तो हिशेब एका ठरावीक चॅनलवर करून बघितला तरच नीट समजतो. म्हणून इथे एक चॅनल कागदावर उभं करू. नाशिकमधली, बँकेत नोकरी करणारी एक बाई गच्चीवरच्या भाजीपाल्याच्या बागेबद्दल मराठीत व्हिडिओ करते. फोन, तिपाई, कॉलरला लावायचा माइक आणि घरातला लॅपटॉप एवढंच तिचं सामान. मदतीला कुणी नाही. हा विषय मुद्दाम निवडला आहे, कारण बागेत काही गोष्टी एका सकाळी चार-चार शूट करता येतात आणि काही गोष्टी कितीही घाई केली तरी महिनाभर घेतातच.

आधी तिच्याकडे असलेला वेळ. मंगळवार, बुधवार, गुरुवार संध्याकाळी दीड-दीड तास म्हणजे साडेचार. रविवारी चार. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्या दिवशी पाच तास मिळतात, म्हणजे आठवड्याला सरासरी अडीच. एकूण अकरा तास झाले. पण हे कागदावरचे अकरा. पाहुणे येतात, वीज जाते, एखाद्या संध्याकाळी डोकं चालत नाही. म्हणून नियोजन पाऊणपट वेळेवर करायचं, म्हणजे आठवड्याला आठ तास. त्यातला एक तास प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात जाणार हे धरूनच चालायचं. बागेच्या चॅनलवर तर खालच्या कॉमेंटमध्येच पुढचे विषय सापडतात, तो तास कापण्यात शहाणपण नाही. उरले सात.

आता एका व्हिडिओचा खर्च बघू. आठ मिनिटांचा साधा व्हिडिओ, समजा कुंडीसाठी मातीचं मिश्रण कसं करायचं हा विषय. माहिती जमवून मुद्दे लिहायला दीड तास. गच्ची आवरणं, तिपाई, माइक आणि फ्रेम लावून एकदा तपासून बघणं यात पाऊण तास. प्रत्यक्ष शूट पाऊण तास. फोनमधल्या फायली लॅपटॉपवर उतरवून त्यांची दुसरी प्रत ठेवायला पाव तास. एडिटिंग साडेतीन तास. थंबनेल, शीर्षक आणि खालचं वर्णन पाऊण तास. बेरीज साडेसात तास. एडिटिंगचा हात अजून बसलेला नसेल, तर साडेतीनचे पाच तासही होतात.

सात तास हातात आणि साडेसात तासांचं काम. आठवड्याला एक व्हिडिओ या बाईला जमणार नाही, हे इथेच, पहिला व्हिडिओ शूट होण्याआधी, स्पष्ट दिसतं. नवी चॅनलं बंद पडतात त्यांतल्या बहुतेकांनी ही बेरीज केलेली नसते.

यावर हमखास सांगितला जाणारा उपाय म्हणजे एकदम शूट, एका दिवशी तीन-चार व्हिडिओ उरकून ठेवायचे. उपाय खरा आहे, पण तो नेमकं काय वाचवतो हे बघायला हवं. वरच्या हिशेबात तीन व्हिडिओ एका सकाळी शूट केले, तर मांडामांडीचा पाऊण तास तिघांत वाटला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात. म्हणजे एका व्हिडिओमागे अर्धा तास वाचला, साडेसातचे सात झाले. बस, एवढंच. लिहिण्याचे दीड तास तेवढेच राहतात आणि एडिटिंगचे साडेतीन तास तर तसूभरही कमी होत नाहीत. एकदम शूट करण्याचा मोठा फायदा तासांत नसून दिवसांत आहे. गच्ची एकदाच आवरायची, शेजाऱ्यांना एकदाच सांगायचं, आणि पुढचे तीन आठवडे कॅमेऱ्याची काळजी करायची नाही.

तोटाही इथेच लपलेला असतो. तीन व्हिडिओ शूट झाले त्या संध्याकाळी काम संपल्याचा आनंद होतो, पण प्रत्यक्षात पावणेतेरा तासांचं एडिटिंग, थंबनेल आणि वर्णनाचं काम अंगावर आलेलं असतं. तिच्या हिशेबाने हे जवळजवळ दोन आठवड्यांचं काम आहे. उत्साहाच्या भरात पुढच्या सुट्टीला आणखी चार शूट केले, की न कापलेलं चित्रीकरण साठायला लागतं. त्यात एक वेगळीच अडचण येते. तीन आठवड्यांनी फाइल उघडल्यावर कोणता तुकडा का घेतला होता हे आठवत नाही. एखादं वाक्य चुकलेलं आढळतं, आणि ते पुन्हा शूट करायला जावं तर ते रोप आता दुप्पट उंच झालेलं असतं. त्यामुळे कॅलेंडरमध्ये रोज लक्ष ठेवण्यासारखा एकच आकडा असेल, तर तो शूट झालेल्या पण एडिट न झालेल्या व्हिडिओंचा. आपल्या या उदाहरणात तो तीनच्या वर जाऊ द्यायचा नाही. तीन पडून असतील, तर येणाऱ्या शनिवारी सुट्टी असली तरी शूट करायचं नाही, लॅपटॉप उघडायचा. एकट्या माणसाच्या चॅनलची गती कॅमेरा ठरवत नाही, एडिटिंगचे तास ठरवतात.

एकदम शूटची सकाळ कशी जाते, तेही पाहू. गच्चीवर साडेसात ते साडेनऊ उजेड चांगला असतो. दहानंतर ऊन डोक्यावर येतं, चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि हिरव्या पानांचा रंग पांढुरका दिसायला लागतो. पहिला व्हिडिओ पावणेआठला सुरू केला, तर तिसरा दहाच्या सुमारास संपतो. चौथा मात्र भर उन्हात करावा लागतो. म्हणून मर्यादा तीनची. थकवाही असतोच. शंका असेल तर पहिल्या आणि शेवटच्या व्हिडिओचं पहिलं अर्धं मिनिट पाठोपाठ ऐकून बघावं. आवाज खाली उतरलेला आणि वाक्यं लांबलेली जाणवली, की पुढच्या वेळी एक व्हिडिओ कमी करायचा.

गच्चीवर वारा हा आवाजाचा मोठा शत्रू. माइकवर घालायची केसाळ टोपी थोड्या पैशांत मिळते, ती विसरली तर सगळी सकाळ वाया जाते, कारण वाऱ्याची घरघर नंतर नीट काढता येत नाही. म्हणून पहिल्या व्हिडिओआधी अर्धं मिनिट बोलून, हेडफोन लावून ते ऐकायचं आणि मगच पुढे जायचं. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला व्हिडिओचं नाव लिहिलेली चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरायची. मोठ्या युनिटमध्ये हे काम क्लॅप देणारा माणूस करतो. इथे चिठ्ठी नसेल, तर एडिटिंगच्या वेळी कुंड्यांच्या रांगेवरून व्हिडिओ ओळखत बसावं लागतं. फोनमधली जागाही आदल्या रात्री बघून ठेवायची. चार-के दर्जाच्या चित्रीकरणाला फोनच्या सेटिंगनुसार मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे एमबीपासून साडेतीनशे एमबीपर्यंत जागा लागते. तीन व्हिडिओंचं मिळून सव्वा तास कच्चं चित्रीकरण झालं, तर पंचवीस जीबीच्या आसपास जाऊ शकतं.

काही जण सिनेमासारखं शूट करायला सांगतात. तिन्ही व्हिडिओंमधले वरून घ्यायचे शॉट आधी, मग समोरून बोलण्याचे, मग हाताचे. एकट्या माणसाने हे करू नये. कोणता शॉट झाला आणि कोणता राहिला याची नोंद ठेवणारा दुसरा माणूस तिथे नसतो, आणि एक शॉट राहिला तर तो एडिटिंगच्या वेळीच कळतो. एक व्हिडिओ पूर्ण करावा, कपडे बदलावेत, मग दुसरा घ्यावा. कपडे बदलण्याचं कारण साधं आहे. दीड महिन्यात येणारे तीन व्हिडिओ एकाच साडीत दिसले, की ते शिळे वाटतात.

हे झालं एका सकाळी उरकता येणाऱ्या व्हिडिओंबद्दल. बागेच्या चॅनलवर खरी गर्दी मात्र दुसऱ्या प्रकाराला होते. बी पेरल्यापासून भाजी कापण्यापर्यंतची गोष्ट लोकांना बघायची असते. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत कापायला येते. कोथिंबिरीला महिना-दीड महिना लागतो, पालकाची पहिली तोडही त्याच सुमाराला होते. या व्हिडिओंना शूटचा दिवस असा नसतोच. दर तीन-चार दिवसांनी सकाळी आठला दहा मिनिटं, तीच कुंडी, तोच कोन, वीसेक सेकंदांचा एक शॉट. कोन तोच राहावा म्हणून तिपाईच्या तिन्ही पायांच्या जागी फरशीवर रंगाचे ठिपके करून ठेवायचे. मेथीच्या एका व्हिडिओला असे आठेक शॉट लागतात, म्हणजे मिळून ऐंशी मिनिटं. काय दिसेल हे आधी माहीत नसल्यामुळे स्क्रिप्ट नंतर लिहायची, त्याला तासभर. तुकडे पुष्कळ, त्यामुळे एडिटिंगला साडेतीनऐवजी जवळपास पाच तास. थंबनेल-वर्णनासह आठ तास धरावेत.

इथे चूक होते ती अंकुर फुटण्याच्या दिवशी. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. तो शॉट चुकला, तर तो परत मिळत नाही. त्यामुळे या प्रकारच्या व्हिडिओंसाठी कॅलेंडरमध्ये प्रसिद्धीच्या तारखेपेक्षा शॉटच्या तारखा जास्त महत्त्वाच्या असतात, आणि त्या फोनच्या गजरात घालून ठेवाव्या लागतात. दुसरी काळजी म्हणजे प्रत्येक भाजीच्या दोन कुंड्या आठवड्याच्या अंतराने पेरायच्या. सप्टेंबरच्या एका जोरदार सरीत कोवळी मेथी आडवी होते. दुसरी कुंडी असेल, तर व्हिडिओ वाचतो. शिवाय आडवी झालेली मेथीही शूट करून ठेवावी, कारण पावसात मेथी का कुजते हा प्रेक्षकांचा खराखुरा प्रश्न आहे.

तिसरा प्रकार छोट्या उभ्या व्हिडिओंचा. भेंडीवर मावा पडला, कुंडीतून मुंग्या निघाल्या, असं काही दिसलं की मिनिटभराचा शॉर्ट. स्क्रिप्ट नाही, कापाकापी कमी, दीड तासात होतो. हे आधी ठरवता येत नाहीत, पण त्यांच्यासाठी तास मात्र आधी राखून ठेवता येतात.

आता हे सगळं तारखांवर मांडू. तिमाही घेऊ २०२६ सालची, सोमवार ३१ ऑगस्ट ते रविवार २९ नोव्हेंबर, तेरा आठवडे. इथे पहिली ठेच लागते ती सणांची. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक मासामुळे ती १४ सप्टेंबरला येते, अठरा दिवसांचा फरक. दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. मागच्या वर्षीचं कॅलेंडर नवीन साल घालून वापरणाऱ्यांचे सगळे मोसमी व्हिडिओ अशा वर्षी चुकीच्या आठवड्यात पडतात. म्हणून आधी भिंतीवरचं पंचांग बघून दोन आठवडे सरळ खोडून टाकायचे, गणपतीचा आणि दिवाळीचा. त्या आठवड्यांत शून्य तास. उरले अकरा आठवडे, आठ तासांनी अठ्ठ्याऐंशी. उत्तरांचे अकरा तास वजा केले की सत्त्याहत्तर.

सत्त्याहत्तर तासांत काय बसतं? एका सकाळी उरकणारे सहा व्हिडिओ, सात तासांनी बेचाळीस. उगवण दाखवणारे तीन, आठ तासांनी चोवीस. सहा शॉर्ट, दीड तासाने नऊ. बेरीज पंच्याहत्तर. दोन तास शिल्लक. म्हणजे तेरा आठवड्यांत मोठे व्हिडिओ नऊ. तेरा नव्हेत. दर आठवड्याचं वचन दिलं असतं, तर तेरा मोठ्या व्हिडिओंना नव्वदच्या वर तास लागले असते, आणि ते तास झोपेतून नाहीतर घरातल्या माणसांच्या वेळेतून काढावे लागले असते.

नऊ तयार होणार म्हणून नऊ जाहीर करू नयेत. या बाईने दर दुसऱ्या शनिवारी एक असं जाहीर केलं, तर १२ सप्टेंबर ते २१ नोव्हेंबर या काळात सहा तारखा येतात. नऊ तयार, सहा प्रसिद्ध, तीन शिल्लक. या शिल्लक तिनांवरच पुढची तिमाही उभी राहते. घरात कुणी आजारी पडलं किंवा मार्चअखेरीला बँकेत रात्री नऊपर्यंत बसावं लागलं, तर महिनाभराहून अधिक काळ चॅनल न थांबता चालतं.

शूटचे दिवस कुठे ठेवायचे? १२ सप्टेंबरचा दुसरा शनिवार कागदावर मोकळा दिसतो. पण दोन दिवसांनी गणपती बसणार आहेत. त्या शनिवारी कुठल्याही मराठी घरात गच्चीवर तीन तास कॅमेरा लावणं शक्य नाही. म्हणून पहिलं शूट रविवारी ६ सप्टेंबरला. त्यातले तिन्ही व्हिडिओ सप्टेंबरअखेरीपर्यंत एडिट होतात, मधला गणपतीचा आठवडा सोडूनही. दुसरं शूट १० ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी, कारण ११ ला घटस्थापना आहे आणि त्यानंतर दहा दिवस आसपासच्या मंडळांच्या लाउडस्पीकरमुळे आवाज स्वच्छ मिळणार नाही. मेथी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी पेरली, तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापता येते. कोथिंबीर आणि पालक त्याच्यामागून. ७ नोव्हेंबरची तारीख ऐन दिवाळीत पडते, पण तोवर तयार व्हिडिओ हातात असतात. स्टुडिओमध्ये तारीख-वेळ घालून ठेवली की तो आपोआप प्रसिद्ध होतो आणि बाई फराळाला बसू शकते.

टोमॅटोचं काय? सप्टेंबरच्या सुरुवातीला बी टाकलं, महिनाभराने रोप मोठ्या कुंडीत लावलं, तर फळं डिसेंबरमध्ये हाती येतात. म्हणजे या तिमाहीत टोमॅटोचे फक्त शॉट घ्यायचे. व्हिडिओ पुढच्या तिमाहीत. अशी लांब पिकं कॅलेंडरमध्ये वेगळ्या रंगाने लिहिलेली बरी, नाहीतर ती या महिन्यात पूर्ण व्हायची आहेत असं वाटून उगाच घालमेल होते.

शिल्लक ठेवायचे व्हिडिओ कोणते हेही निवडूनच ठरवावं लागतं. मातीचं मिश्रण, कुंडीला भोकं किती पाडायची, धने चोळून का पेरायचे, हे विषय चार महिन्यांनीही चालतात. परतीच्या पावसात काय करावं हा व्हिडिओ नोव्हेंबरात निरुपयोगी. शिल्लक राहणाऱ्या व्हिडिओत सणाच्या शुभेच्छा, ‘आजकाल पाऊस फार आहे’ अशी वाक्यं किंवा मागे दिसणारा आकाशकंदील येऊ द्यायचा नाही. बोलताना सहज निघून गेलेल्या एका वाक्यामुळे व्हिडिओची तारीख पक्की होऊन बसते.

राहिला प्रश्न मालिकेचा. सहा साधे व्हिडिओ सहा सुट्या विषयांवर करायचे की एका सूत्रात बांधायचे? मालिकेचा फायदा पडद्यामागे जास्त आहे. एकदा मांडणी ठरली की सुरुवातीची पट्टी, संगीत, थंबनेलचा साचा आणि मुद्द्यांचा क्रम पुन्हा ठरवावा लागत नाही. लिहायला आणि सजवायला लागणारा वेळ तिसऱ्या भागापासून कमी होतो. वर दिलेले सात तास तेव्हा साडेसहावर येऊ शकतात. प्रेक्षकालाही एका व्हिडिओनंतर पुढचा लगेच मिळतो. व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत पुढच्या भागाची चौकट लावता येते आणि सगळे भाग एका प्लेलिस्टमध्ये ठेवता येतात.

पण शीर्षकात ‘भाग ४’ लिहिलं की नवा प्रेक्षक थबकतो. पहिले तीन बघितले नाहीत, आता हा कशाला, असं त्याला वाटतं. कुंडीतली मेथी पिवळी का पडते याचं उत्तर शोधणाऱ्याला भागांचा क्रम नको असतो. म्हणून मालिका असली तरी प्रत्येक भाग एकटा उभा राहिला पाहिजे, आणि शीर्षकात त्या भागातला प्रश्न यावा. क्रमांक द्यायचाच असेल तर वर्णनात द्यावा. दुसरी गोष्ट म्हणजे मालिकेचा शेवट आधी ठरलेला असावा. सहापैकी चार भागांची एक मालिका आणि दोन सुटे व्हिडिओ, ही एकट्या माणसाला झेपणारी वाटणी आहे. वीस भागांची घोषणा करून सहाव्या भागाला कंटाळा आला, तर अर्धवट मालिका चॅनलच्या पहिल्या पानावर कायमची दिसत राहते.

मालिका चालते की नाही हे कसं ओळखायचं? केवळ पाहणाऱ्यांच्या संख्येवरून नव्हे, ती पहिल्या भागापासून पुढे थोडी घसरतेच. स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा प्रेक्षक टिकण्याचा आलेख दिसतो, तो बघावा. तिसऱ्या भागात लोक पहिल्या भागाइतकेच किंवा जास्त वेळ थांबत असतील, तर जे आले आहेत त्यांना मालिका हवी आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटातच रेघ खाली कोसळत असेल, तर बहुतेक वेळा लांबलेली नावपट्टी आणि ‘मागच्या भागात आपण पाहिलं’ ही उजळणी त्याला कारणीभूत असते. ती काढून चौथा भाग करावा आणि मग निर्णय घ्यावा. म्हणूनच पहिल्या शूटमध्ये मालिकेचे सगळे भाग उरकू नयेत. पहिल्या तिनांचा निकाल दिसल्यावर उरलेल्यात बदल करायला जागा हवी.

प्रसिद्धीच्या नेमक्या वेळेवर मात्र फार डोकं घालवू नये. सकाळी सात की संध्याकाळी आठ, यावर तासन्‌तास चर्चा चालतात. व्हिडिओच्या दीर्घकाळच्या कामगिरीवर प्रसिद्धीच्या वेळेचा थेट परिणाम होत असल्याचं दिसत नाही, असं यूट्यूबच्याच मदतपानांवर लिहिलेलं आहे. आपले प्रेक्षक कधी असतात हे स्टुडिओत दिसतं, त्याच्या आसपासची एक वेळ निवडून विषय बंद करावा.

हे कॅलेंडर ठेवायला महागडं ॲप लागत नाही. साधी वही किंवा गूगल शीट पुरते. एका ओळीत एक व्हिडिओ आणि पुढे रकाने: विषय, प्रकार, लागणारे तास, शूटची तारीख, सद्यस्थिती, प्रत्यक्ष लागलेले तास आणि सगळ्यात शेवटी प्रसिद्धीची तारीख. सद्यस्थितीत सहाच शब्द लिहायचे: विचार, लेखन, शूट, एडिट, तयार, प्रसिद्ध. प्रसिद्धीची तारीख ‘तयार’ लिहिल्याशिवाय भरायची नाही. अपवाद फक्त सणाशी बांधलेल्या व्हिडिओचा. दसऱ्यानंतर हिवाळी भाज्या लावायच्या कशा हा व्हिडिओ २४ ऑक्टोबरलाच यायला हवा, म्हणून तिथे तारीख आधी लिहायची आणि मागे मोजत यायचं. १० ऑक्टोबरला शूट, १८ पर्यंत एडिट, २० पर्यंत तयार. १८ तारखेला तो एडिट झालेला नसेल, तर त्या शनिवारी शिल्लकीतला दुसरा व्हिडिओ टाकायचा आणि हा ३१ ला जादाचा म्हणून द्यायचा. रात्री जागून अर्धवट व्हिडिओ टाकण्यापेक्षा हे बरं.

‘प्रत्यक्ष लागलेले तास’ हा रकाना लोक कंटाळून सोडून देतात. पण पुढच्या तिमाहीचं सगळं गणित त्यावरच बसतं. वर दिलेले साडेतीन तास, पाऊण तास हे आकडे या एका कल्पित बागेचे आहेत. गडकिल्ल्यांवर व्हिडिओ करणाऱ्याचा अख्खा रविवार प्रवासात जातो, म्हणून त्याच्याकडे शूटचा खर्च एडिटिंगएवढा होतो आणि एकाच किल्ल्यावर दोन-तीन विषय शूट करण्याला खूप जास्त किंमत येते. गणित शिकवणाऱ्या शिक्षकाचं एडिटिंग दीड तासात होतं, पण लेखनाला चार तास लागतात. त्यांना आठवड्याचा क्रम कदाचित झेपेल, कदाचित नाही.

नवं चॅनल सुरू करू पाहणाऱ्यांनी पहिले तीन व्हिडिओ कसलीही तारीख न सांगता करावेत आणि प्रत्येक कामाला लागलेला वेळ मिनिटांत लिहून काढावा. तिन्हींची सरासरी काढावी, आठवड्यातल्या खऱ्या तासांच्या पाऊणपटाला तिने भागावं, आणि जे उत्तर येईल त्याच्यापेक्षा थोडं कमी प्रेक्षकांना सांगावं. पंधरवड्याला एक हे उत्तर आलं, तर तेच चॅनलच्या माहितीत लिहावं.